छोट्या क्लिनिकची अपॉइंटमेंट : १० मिनिटांचा स्लॉट ठेवूनही पाऊण तास उशीर का होतो?

करवीरकन्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझे मेडिसिनचे छोटे क्लिनिक आहे. सकाळी मी रुग्णालयात असते आणि संध्याकाळी ५ ते ८ क्लिनिकमध्ये ओपीडी घेते. पेशंट मुख्यतः मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि दम्याचे असतात. काउंटरवर एक ताई आणि हाताखाली एक सिस्टर, एवढाच आमचा कर्मचारीवर्ग आहे. प्रत्येकी १० मिनिटांप्रमाणे आम्ही रोज १८ अपॉइंटमेंट देतो. त्यांपैकी साधारण ३ जण येत नाहीत. मात्र कागल, मुरगूड, राधानगरीकडून न कळवता येणारे ५ जण असतातच, म्हणजे प्रत्यक्षात २० पेशंट पाहिले जातात.

गेले काही आठवडे सिस्टर प्रत्येकाची आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ वहीत लिहीत आहे. नव्या पेशंटला सरासरी १८ मिनिटे लागतात, जुन्याला ८, आणि नुसता रिपोर्ट दाखवायला आलेल्याला ४. एका संध्याकाळी साधारण ४ नवे, ११ जुने आणि ५ रिपोर्टवाले असतात. हिशेब केला तर सरासरी ९ मिनिटे निघते, म्हणजे स्लॉटपेक्षा कमीच. असे असूनही ७ वाजताची वेळ दिलेला माणूस पावणेआठला आत येतो आणि माझी ओपीडी पावणेनऊपर्यंत लांबते.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. स्लॉट १५ मिनिटांचा करावा, की न येणारे गृहीत धरून १८ ऐवजी २१ नावे घ्यावीत? दोन्ही उपाय मला सुचवले गेले आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत, म्हणून येथे विचारत आहे.

---

टेंबलाई

पेशंट म्हणून एवढेच सांगते की, पाऊण तास थांबण्याचे दुःख नसते. ‘आता दोनच आहेत तुमच्या आधी’ असे तीनदा ऐकण्याचे असते.

---

दंतवैद्य शाहूपुरी

डॉक्टर, माझा अनुभव स्पष्ट आहे. अपॉइंटमेंट घेताना थोडी रक्कम आगाऊ घ्यायला सुरुवात केल्यापासून माझ्याकडे न येणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ संपले. जो पैसे भरतो, तो येतो. आणि आगाऊ रक्कम घ्यायची नसेल, तर प्रत्येक वेळेला दोन नावे लिहा. एक आला नाही तर दुसरा असतोच, खुर्ची रिकामी राहत नाही. तुमच्याकडे १८ पैकी ३ रिकामे जातात, म्हणजे महिन्याचे किती झाले ते पाहा. स्लॉट मोठा करणे म्हणजे स्वतःहून पेशंट कमी करणे होय.

---

उचगावकर

मी डॉक्टर नाही. फाउंड्रीत उत्पादन नियोजनाचे काम केले आणि निवृत्तीनंतर एका धर्मादाय दवाखान्याच्या ओपीडीचे वेळापत्रक बसवून दिले, त्या अनुभवावर लिहितो.

डॉक्टर, तुमचे आकडे तुम्हीच पुन्हा मांडून पाहा. ४ नवे गुणिले १८ म्हणजे ७२ मिनिटे. ११ जुने गुणिले ८ म्हणजे ८८. ५ रिपोर्ट गुणिले ४ म्हणजे २०. एकूण बरोबर १८० मिनिटे होतात आणि तुमची ओपीडीही १८० मिनिटांचीच आहे. याचा अर्थ असा की हात धुणे, फोन घेणे, पाणी पिणे, एखाद्याचा श्वास लागलेला असणे, यांपैकी कशासाठीही त्या तीन तासांत एक मिनिट शिल्लक नाही. कोणतीही रांग शंभर टक्के भरली की ती वेळेवर चालत नाही, कारण आधी मिळालेली उसंत नंतर वापरता येत नाही. सव्वापाचला कोणी आले नाही म्हणून तुमची ६ मिनिटे रिकामी गेली, तर ती गेलीच. सहा वाजता एका नव्या पेशंटला २८ मिनिटे लागली, तर ती १० मिनिटे मात्र पुढच्या प्रत्येकाच्या माथी बसतात. वाया गेलेला वेळ जमा होत नाही आणि झालेला उशीर जमा होत राहतो. सरासरी ९ असूनही पाऊण तास उशीर होतो, तो यामुळे.

आता तुमच्या दोन पर्यायांविषयी. सगळ्यांना १५ मिनिटे दिली तर तीन तासांत १२ नावे बसतील आणि रिपोर्ट दाखवणाऱ्या माणसामागे ११ मिनिटे तुम्ही बसून राहाल. २१ नावे घेतली तर आजचा पाऊण तास सव्वा तासावर जाईल. मुळात तुमच्याकडे ३ जण येत नाहीत आणि ५ जण न सांगता येतात. रिकाम्या झालेल्या जागा भरून वर २ माणसे उरतात. तुमचे वॉक-इन हेच तुमचे ओव्हरबुकिंग आहे. ते आधीच चालू आहे, फक्त वहीत लिहिलेले नाही.

---

काउंटरवरची ताई

मी एका हाडांच्या डॉक्टरांकडे बरीच वर्षे काउंटर सांभाळते. उचगावकर काकांचे म्हणणे मला पटते, पण वहीत न येणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, त्या डॉक्टरांनी तपासाव्यात.

पहिली गोष्ट एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. संध्याकाळी तीन-चार एमआर बसलेले असतात आणि ‘दोनच मिनिटे’ म्हणून दोन पेशंटच्या मध्ये आत जातात. पेशंटच्या आत-बाहेरच्या वेळा लिहिणाऱ्या वहीत ती मिनिटे कुठेच दिसत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे ईसीजी काढायला बाहेर पाठवलेला पेशंट पुन्हा आत येतो, तेव्हा त्याची दुसरी वेळ कोणी लिहीत नाही. सिस्टरला सांगून एका पेशंटचे बाहेर येणे आणि पुढच्याचे आत जाणे, यांतले अंतर काढायला सांगा. खरा उशीर तिथे सापडेल.

---

बावडेकर

हा धागा पाहून राहवले नाही. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले होते. वेळ साडेचारची दिलेली, आत बोलावले साडेपाचला, दोन मिनिटे पाहिले, डोळ्यांत थेंब घातले आणि पुन्हा बाहेर बसवले. त्यानंतर आमच्यामागून आलेली चार माणसे आत गेली. आईचे वय ७८ आहे. काउंटरवर विचारले तर ‘तुमचे झाले आहे, आता थांबा’ एवढेच उत्तर मिळाले. डॉक्टरांनी स्लॉट १० चा ठेवला काय आणि १५ चा ठेवला काय, आम्हा लोकांना काय फरक पडतो? ओळखीच्या लोकांना मधूनच आत घेणे बंद केले, तर सगळे वेळेवर होईल.

---

उचगावकर

बावडेकर, आईंना झालेला त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्या चार माणसांना ओळखीने घेतले असेलच असे नाही. बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घातल्यावर साधारण अर्धा तास तरी थांबावे लागते, आणि त्या वेळात डॉक्टर पुढची माणसे पाहतात. हे काउंटरने तुम्हाला आधीच सांगायला हवे होते. तुम्ही जे सांगितले, त्यात या धाग्याच्या कामाचे मात्र बरेच आहे. तिथे एकाच पेशंटच्या दोन भेटी होतात आणि वेळापत्रकात एकच लिहिलेली असते. ताई ईसीजीबद्दल म्हणत आहेत, ते हेच.

---

करवीरकन्या

ताईंनी सांगितल्याप्रमाणे सिस्टरने मधली अंतरे काढली. एमआर आणि फोन मिळून रोजची साधारण २५ मिनिटे जात आहेत. ईसीजीचेही खरे आहे. नव्या पेशंटची १८ मिनिटे ही एका बैठकीची नसून आधी १२ आणि ईसीजी घेऊन परत आल्यावर ६ अशी आहेत, आणि ती ६ मिनिटे नेमकी दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेत जातात.

एमआरना आठवड्यातून दोन दिवस दुपारी साडेचारला बोलावण्याचे ठरवले आहे. पुढे काय करावे, हे उचगावकरांनी कृपया उलगडून सांगावे. आमच्यावर वॉक-इन बंद करण्याचाही दबाव आहे, पण राधानगरीहून मोलमजुरी बुडवून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणे मला जमणार नाही.

---

उचगावकर

वॉक-इन बंद करू नका, त्यांना जागा द्या. पण त्याआधी खोलीच्या आतले काम बाहेर काढा. जुन्या पेशंटच्या ८ मिनिटांत वजन, रक्तदाब, शुगर मोजणे आणि पिशवीतल्या गोळ्या एकेक करून बाहेर काढणे, याला किती वेळ जातो?

---

करवीरकन्या

किमान २ मिनिटे. गोळ्यांची पट्टी अर्धी कापलेली असते, नाव दिसत नाही, मग घरी फोन होतो. सिस्टरने बाहेरच मोजमाप करून केसपेपरवर लिहिले आणि गोळ्या ट्रेमध्ये मांडून दिल्या, तर ८ ची ६ मिनिटे नक्की होतील.

---

उचगावकर

मग त्या ६ वर हिशेब मांडू. सगळ्यांना सारखा स्लॉट ही कल्पना सोडून द्या. तुमच्याकडे तीन प्रकारची माणसे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे, हे फोन घेतानाच कळते. ‘पहिल्यांदाच येताय का? रिपोर्ट दाखवायचा आहे की तपासून घ्यायचे आहे?’ एवढे दोन प्रश्न काउंटरने विचारले की पुरे.

तीन तासांचे दीड-दीड तासांचे दोन भाग करा आणि प्रत्येक भागात अर्ध्या तासाचे तीन तुकडे पाडा. पहिल्या तुकड्यात, म्हणजे ५ ते साडेपाचमध्ये, चार जुने पेशंट घ्या. त्यांना २४ मिनिटे लागतील. त्यांपैकी दोघांना पाचलाच बोलवा, तिसऱ्याला ५:१० ला आणि चौथ्याला ५:२० ला. सुरुवातीला दोघांना एकदम बोलावण्याची ही युक्ती जुनी आहे. बेली आणि वेल्च या दोघांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधील बाह्यरुग्ण विभागांसाठी ती मांडली. पहिला माणूस उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि दुसऱ्याला थांबावे लागले तरी ते एका माणसापुरतेच, म्हणजे ६ मिनिटे थांबावे लागते. दंतवैद्य म्हणतात तशी दोन नावे असावीत, पण ती फक्त ओपीडी उघडताना. प्रत्येक वेळेला दोन घेतली, तर सहा वाजेपर्यंत बाहेर खुर्च्या कमी पडतील.

दुसऱ्या तुकड्यात, साडेपाच ते सहामध्ये, एक नवा आणि एक जुना पेशंट घ्या. नव्याला साडेपाचला बोलवा आणि जुन्याला ५:४० ला. नवा ईसीजीला बाहेर गेला की जुना आत येईल आणि त्याचे होईपर्यंत ईसीजीचा कागद तयार असेल. १२ अधिक ६ अधिक ६, म्हणजे इथेही २४ मिनिटे झाली.

तिसरा तुकडा, सहा ते साडेसहा, अपॉइंटमेंटसाठी उघडूच नका. न सांगता आलेले, उशिरा आलेले आणि रिपोर्ट दाखवणारे यांच्यासाठी तो राखून ठेवा. रिपोर्टवाल्याला मिनिटाची वेळ न देता ‘सहा ते साडेसहाच्या दरम्यान या’ असे सांगा. साडेसहापासून हेच चक्र पुन्हा सुरू करा, म्हणजे दुसरा मोकळा तुकडा साडेसात ते आठ असा येईल.

एकूण किती झाले ते पाहू. १० जुने म्हणजे ६० मिनिटे, वेळ घेतलेले २ नवे म्हणजे ३६, रिपोर्टचे ४ म्हणजे १६. तुमच्या ५ वॉक-इनमध्ये एक नवा, तीन जुने आणि एक रिपोर्टवाला धरला तर ४० मिनिटे. बेरीज १५२ होते. १८० पैकी २८ मिनिटे मोकळी राहतात, आणि हीच मोकळी मिनिटे तुमची ओपीडी वेळेवर ठेवतील. ती दिसली की भरून टाकण्याचा मोह होईल. तो आवरा.

---

दंतवैद्य शाहूपुरी

उचगावकर, तुमचा हिशेब समजला. प्रत्येक वेळेला दोन नावांचा मुद्दा मी मागे घेतो, पण आगाऊ रकमेचा मुद्दा कायम आहे. तुमच्या मांडणीत न येणाऱ्यांवर काहीच उपाय नाही. माझ्याकडे रूट कॅनलला तासभराची वेळ दिलेली असते. तो माणूस आला नाही तर माझा अख्खा तास जातो.

---

काउंटरवरची ताई

तुमच्याकडे तास जातो म्हणून आगाऊ रक्कम योग्य आहे, डॉक्टर. इथे जुना पेशंट आला नाही तर ६ मिनिटे जातात, आणि त्या ६ मिनिटांत वॉक-इन बसतो. तेवढ्यासाठी रक्कम मागितली, तर साखर वाढलेला माणूस तपासणीलाच येणार नाही.

न येणारे कोण असतात, हे पाहिले तर उपाय सापडतो. आमच्याकडे तरी ते बहुतेक करून दोन-तीन महिन्यांपूर्वी तारीख घेऊन गेलेले असतात. चार दिवसांपूर्वी फोन करून वेळ घेतलेला माणूस सहसा चुकत नाही. म्हणून लांबची तारीख आम्ही फक्त वहीत पेन्सिलने लिहितो, आणि आठवडाभर आधी फोन करून ‘येताय ना, कोणत्या दिवशी सोयीचे आहे?’ असे विचारून मगच वेळ पक्की करतो. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातो, आणि त्यात ‘जमत नसेल तर १ लिहून पाठवा’ असे असते. वयस्कर लोकांना मात्र फोनच करावा लागतो, आणि तो मुलाच्या किंवा सुनेच्या नंबरवर करावा लागतो, कारण घेऊन येणारे तेच असतात.

---

करवीरकन्या

मांडणी पटली. एक अडचण मात्र आहे. उचगावकरांनी वेळ घेतलेले नवे पेशंट २ धरले आहेत, माझ्याकडे रोज ३ असतात. तिसऱ्याला ‘उद्या या’ म्हटले, तर उद्याचे ३ असतातच. थोड्याच दिवसांत नव्या पेशंटची यादी पुढच्या महिन्यात जाईल. जुनेही माझ्याकडे ११ असतात, १० नव्हे.

---

उचगावकर

जुन्यांचे सोपे आहे, आणि मर्यादित ओव्हरबुकिंगची खरी जागा तीच आहे. अकरावा जुना पेशंट साडेसहाच्या तुकड्यात पाचवा म्हणून लिहा. तुमच्याकडे १८ पैकी ३, म्हणजे सहांत एक येत नाही असे धरले, तर अकराच्या अकरा जण येण्याची शक्यता साधारण १३ टक्के निघते. सहा दिवसांच्या आठवड्यात फार तर एखाद्या संध्याकाळी सगळे येतील आणि त्या दिवशी तुम्हाला ६ मिनिटे जास्त लागतील, तीही पुढे मोकळा तुकडा असल्यामुळे जिरून जातील. बारावे नाव घेतले, तर दहापेक्षा जास्त जण येण्याची शक्यता ३८ टक्क्यांवर जाते, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ओढाताण होईल. म्हणून एकच नाव जादा घ्या. ते चक्राच्या सुरुवातीला घ्या, शेवटी नको. पावणेआठला जादा घेतलेल्या नावामागे उशीर जिरवायला काही उरलेले नसते.

तिसऱ्या नव्या पेशंटचे मात्र गणित सुटत नाही. १५२ मध्ये १८ मिळवले की १७० होतात, आणि १८० च्या ओपीडीत १७० मिनिटांचे काम म्हणजे पुन्हा जवळजवळ जुनीच स्थिती. त्याला २० मिनिटे खरोखरच द्यावी लागतील. एक तर ओपीडी चार-चाळीसला सुरू करा, नाही तर आठ-वीसला संपेल असे जाहीर करा. आज ती पावणेनऊला संपतेच आहे. कुठल्याही मांडणीने ही २० मिनिटे हवेतून काढता येत नाहीत.

---

बालरोग इचलकरंजी

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला निम्म्याहून अधिक मुले न सांगता येतात. मुलाला ताप रात्री येतो, आई सकाळी दारात असते, तिने अपॉइंटमेंट कधी घ्यावी? म्हणून मी वेळापत्रक सोडून टोकन ठेवले आहे, आणि अपॉइंटमेंट फक्त लसीकरणासाठी, तीही वेगळ्या तासात देतो, म्हणजे निरोगी बाळ तापाच्या मुलांमध्ये बसत नाही. वॉक-इन इतके असतील तर स्लॉटचा खटाटोप व्यर्थ आहे, असे माझे मत आहे.

उचगावकरांच्या ओव्हरबुकिंगच्या हिशेबाबद्दल एक शंका आहे. तो हिशेब प्रत्येक पेशंट स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही असे धरतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. पंचगंगेला पाणी आले की एकदम सगळेच येत नाहीत. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी तेच होते. आणि उघडीप पडली की राहिलेले सगळे एकाच दिवशी येतात.

---

उचगावकर

शंका बरोबर आहे, डॉक्टर. १३ टक्के हा आकडा साध्या दिवसाचा आहे. मोठ्या पावसाच्या दिवशी त्याचा उपयोग नाही, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत तर जादा नाव अजिबात घेऊ नये, उलट मोकळा तुकडा आणखी मोठा ठेवावा. हे कोष्टकाने ठरत नाही, काउंटरवरच्या माणसाने ठरवायचे असते.

टोकनबद्दलही तुमच्या दवाखान्यापुरते मी मान्य करतो. मात्र इथे वीसपैकी पाचच जण न सांगता येतात आणि उरलेल्यांना आपण कधी येणार ते आधीच ठाऊक असते. अशा लोकांना टोकन दिले, तर सगळे साडेचारला येऊन बसतील, कारण लवकर येण्यातच फायदा असतो.

---

काउंटरवरची ताई

हाच मुद्दा मला मांडायचा होता. अपॉइंटमेंट देऊनही आलेल्या क्रमाने आत सोडले, तर अपॉइंटमेंटला काही अर्थ उरत नाही. सहाची वेळ असलेला माणूस एकदा पाचला येऊन सव्वापाचला आत गेला, तर पुढच्या वेळी तो साडेचारला येतो आणि शेजारच्यालाही तेच सांगतो. म्हणून केसपेपर आलेल्या क्रमाने लावायचे नाहीत, दिलेल्या वेळेच्या क्रमाने लावायचे. जागा रिकामी असली तरच लवकर आलेल्याला आत घ्यायचे, आणि तसे त्याला सांगायचे की ‘तुमची वेळ सहाचीच आहे, आज योगायोगाने मोकळे आहे’.

वॉक-इनला मी दारातच सांगते की सहा ते साडेसहामध्ये तुमचा नंबर लागेल, तोवर बाजारात जाऊन या. माणूस तासभर बाहेर जाऊन येतो, पण रागावत नाही. त्याला न सांगता बसवून ठेवले, तर वीस मिनिटांत तो तीनदा विचारायला येतो.

आणि छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे किंवा हात-पाय लुळा पडणे, शुगर कमी होऊन घाम फुटणे, यांपैकी काही असेल तर कोणतेही कोष्टक बघायचे नाही, थेट डॉक्टरांना हाक मारायची. काउंटरवरच्या नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवावे.

---

दाजीपूरचा पाऊस

मी राधानगरी भागातला आहे. वडिलांच्या दम्यासाठी कोल्हापूरला येतो, तेव्हा पंधरा मिनिटे उशीर झाला की ‘आता शेवटी घेऊ’ असे ऐकावे लागते. एसटी वाटेत थांबली, तर त्यात आमचा काय दोष? शहरातला माणूस दुचाकीवर दहा मिनिटांत येतो, त्याला साडेसातची वेळ चालते. आम्हाला साडेसात म्हणजे परतीची शेवटची एसटी चुकणे. वेळ देताना काउंटरने ‘कोणत्या गावाहून येता’ हा तिसरा प्रश्न विचारला, तर बराच त्रास वाचेल.

---

दंतवैद्य शाहूपुरी

दादा, प्रश्न विचारायला हरकत नाही. मात्र लांबून आला म्हणून वेळ घेतलेल्याच्या आधी कोणाला घ्यायला मी तयार होणार नाही. शहरातलाही माणूस दुकान बंद करून आलेला असतो.

---

दाजीपूरचा पाऊस

आधी घ्या असे मी म्हणत नाही. उशीर झालेल्याला आठ वाजेपर्यंत न ठेवता सहाच्या मोकळ्या तुकड्यात घ्या, एवढेच म्हणणे आहे.

---

बालरोग इचलकरंजी

आणखी एक मतभेद नोंदवतो. नवा पेशंट साडेपाचला घेतल्याने त्याचा उशीर पुढच्या सगळ्यांवर येतो. सगळे नवे शेवटी ठेवावेत, जुन्यांना आधी मोकळे करावे.

---

उचगावकर

ज्यांच्या वेळेत फारसा फरक पडत नाही त्यांना आधी घेतल्याने एकूण थांबणे कमी होते, हे खरे आहे. पण सगळे नवे शेवटी ठेवले, तर एखाद्याला २८ मिनिटे लागली की ओपीडी तेवढी लांबते, आणि थकलेल्या डॉक्टरांसमोर सर्वात अवघड माणूस येतो. म्हणून मी नव्याच्या मागे मोकळा तुकडा ठेवला. तरीही यात एकच बरोबर उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. हा निर्णय डॉक्टरांनी स्वतःचा स्वभाव पाहून घ्यावा.

---

करवीरकन्या

सर्वांचे आभार. १० की १५ या माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही नाही’ असे मिळाले, आणि २१ नावांचा विचार मी सोडला आहे.

सोमवारपासून दीड-दीड तासांची चक्रे सुरू करत आहे. जादा नाव एकच, साडेसहाला. तिसऱ्या नव्या पेशंटसाठी साडेचारला एमआर येत नाहीत त्या चार दिवशी ४:४० ला सुरुवात करणार आहे. उरलेल्या दोन दिवशी ओपीडी ८:२० पर्यंत चालेल आणि तसे दारावर लिहिले जाईल. गावाचे नाव विचारणारा तिसरा प्रश्नही काउंटरवर लिहून ठेवला आहे. राधानगरी, गारगोटीकडच्या पेशंटना साडेसहाच्या आतली वेळ द्यायची आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झालेल्याला, तो कुठलाही असो, पुढच्या मोकळ्या तुकड्यात घ्यायचे.

नव्या पेशंटची जागा मात्र अजून ठरत नाही. मला स्वतःला ते सुरुवातीलाच हवे आहेत, कारण तेव्हा माझे लक्ष चांगले असते. उचगावकर, पहिल्याच तुकड्यात नवा आणि एक जुना, आणि दुसऱ्यात चार जुने, असे उलटे केले तर सुरुवातीला दोघांना एकदम बोलावण्याचे काय करावे?

---

उचगावकर

मग नव्याला आणि जुन्याला दोघांनाही पाचलाच बोलवा आणि जुन्याला आधी आत घ्या. त्याच्या ६ मिनिटांत सिस्टर नव्याचे वजन, रक्तदाब आणि केसपेपर पूर्ण करेल. तरीही नव्याचा उशीर मागच्या चार जुन्यांवर येणारच, तो किती येतो हे वहीत पाहा. त्यासाठी आत-बाहेरच्या वेळांशेजारी दिलेली वेळ लिहिण्याचा आणखी एक रकाना आखा. दिलेल्या वेळेपेक्षा आत जायला झालेला उशीर साडेपाच, सहा, साडेसहा आणि साडेसातला किती होता, एवढे चारच आकडे रोज काढा. सहाचा आकडा मोठा आणि साडेसहाचा लहान असेल, तर मोकळा तुकडा काम करतो आहे. साडेसहालाही मोठाच राहिला, तर नव्या पेशंटला परत दुसऱ्या तुकड्यात न्या.